कर्मचाऱ्यांच्या ग्रुप हेल्थ विम्याचं कोटेशन मागताना सरासरी वय देऊ नका

ब्रोकरला "आम्ही ४० जण, सरासरी वय ३४, ग्रुप हेल्थचं कोटेशन द्या" एवढंच लिहू नका. ३६ जण ३१ वर्षांचे आणि चौघे ६१ चे असले तरी सरासरी ३४च येते, पण विमा कंपनीच्या लेखी खर्च त्या चौघांमुळे वाढतो. म्हणून प्रत्येकाची जन्मतारीख, लिंग आणि कर्मचाऱ्याशी नातं असलेली यादी द्या, नावं नसली तरी चालतात. जोडीदार आणि मुलं धरली की ४० चे सहज १०० होतात, आणि प्रीमियम त्या १०० वर लागतो. आईवडिलांचा भाव मात्र वेगळा मागा, तोच आकडा सगळ्यात जास्त फुगवतो.

लाभही तुम्हीच ठरवून लिहा: विमा रक्कम, प्रसूती, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून हवेत का, खोलीभाड्याची मर्यादा. मी एकदा हे मोघम ठेवलं आणि सर्वांत स्वस्त कोटेशनवर खूश झालो. नंतर कळलं, त्यात प्रसूती नव्हतीच. आधीची पॉलिसी असेल तर क्लेमचा तपशील सोबत जोडा, नाहीतर मिळालेला भाव नंतर बदलतो.