एटीएमचे परत आलेले पैसे बँकेने पुन्हा कापले, खातं मायनसमध्ये गेलं

प्रश्न: "मार्चमध्ये तालुक्याच्या एटीएममधून 10,000 काढायला गेलो. नोटा निंगाल्या नाही, पण खात्यातून कटले. तक्रार केली तं परत आले. आता मे महिन्यात बँकेनं तेवढेच पुन्हा कापले. खात्यात 2,360 होते, आता मायनस 7,640 दाखवते. दंड लागेल का? काय करू?"

भाऊ, आधी पासबुक छापून घ्या आणि मार्चपासूनच्या नोंदींवर बोट ठेवून 10,000 किती वेळा जमा झाले ते मोजा. सगळं उत्तर त्यावर आहे.

एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं की तुमची बँक तक्रारीवरून त्या बँकेवर चार्जबॅक, म्हणजे पैसे परत मागण्याचा दावा, टाकते आणि बरेचदा निकालाआधीच तुमच्या खात्यात रक्कम जमा करते. त्याच वेळी एटीएमवाल्या बँकेची यंत्रणा फसलेला व्यवहार आपोआप उलटवते. दोन्ही वाटांनी पैसे आले की जमा दोनदा होते. सोयाबीनच्या बियाण्याच्या घाईत कोणाचं तिकडे लक्ष जात नाही, पैसे खर्चून मोकळे. हिशोब जुळवताना बँक एक रक्कम परत घेते. पासबुकात दोन जमा दिसत असतील तर ही कपात बरोबर आहे, भांडू नका, भरून टाका.

जमा एकदाच असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एटीएमवाल्या बँकेने "नोटा दिल्या" असं सांगून चार्जबॅक नाकारला. मग शाखेत लेखी मागा: त्या व्यवहाराचा ईजे लॉग, म्हणजे यंत्राची आतली नोंद, आणि त्या दिवशीचा रोकड ताळा. लॉगमध्ये किती नोटा बाहेर दिल्या ते असतं. नोटा आतच राहिल्या असतील तर मोजणीत रोकड जास्त निघते. सीसीटीव्ही चित्रणही त्याच अर्जात मागा, ते फार दिवस ठेवत नाहीत. या पुराव्यावर तुमची बँक प्रकरण पुढे, प्री-आर्बिट्रेशनला, म्हणजे लवादाआधीच्या पायरीवर, नेऊ शकते. नोटा खरंच मिळाल्या नव्हत्या असं ठरलं तर मूळ रकमेसोबत भरपाईही मागा: रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार असा व्यवहार पाच दिवसांत उलटला नाही तर पुढे रोजचे 100 रुपये बँकेने द्यायचे असतात.

पण वाद चालू असला तरी मायनस भरून टाका, असं माझं मत आहे. अर्जात लिहा, "ही रक्कम हक्क राखून भरत आहे." कारण मायनसवर बँक तात्पुरता ओव्हरड्राफ्ट धरून रोजचं व्याज लावू शकते. शिवाय मध्येच पी. एम. किसानचा 2,000 चा हप्ता आला तर तो आधी या खड्ड्यात जाईल, हातात काही येणार नाही.

किती भराल? नुसते 7,640 भरले तर खातं शून्यावर येईल. तुमच्या खात्याला किमान 1,000 लागतात असं धरू. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा घेतलेला असेल तर मेच्या शेवटी त्यांचे 436 आणि 20, म्हणजे 456 आपोआप कटतात. त्या दिवशी शिल्लक नसली तर विमा तुटतो, आणि हे नुकसान दंडापेक्षा मोठं. एकूण 9,096. व्याजाचे चार पैसे धरून 9,200 टाका. स्वतःच्या शाखेत भरा, किंवा घरातल्या कोणाच्या यूपीआयवरून पाठवून घ्या. खातं मायनस असलं म्हणून जमा अडत नाही. त्या खात्यावर ट्रॅक्टरचा किंवा बचत गटाचा हप्ता लावलेला असेल तर त्याच्या तारखेआधीच भरा. हप्ता परतला की बँकही दंड घेते आणि कर्ज देणाराही.

आता दंडाचं. किमान शिल्लक कमी पडली तर व्यापारी बँकेने आधी एसएमएस किंवा पत्राने कळवायचं, आणि एक महिन्यात शिल्लक पूर्ववत झाली नाही तरच दंड लावायचा, असा रिझर्व्ह बँकेचा 2014 चा नियम आहे. नुसत्या या दंडापायी खातं मायनसमध्ये ढकलताही येत नाही. तेव्हा एसएमएस जपून ठेवा. जनधनसारख्या मूलभूत खात्याला किमान शिल्लकच नसते आणि स्टेट बँकेने 2020 मध्येच हा दंड बंद केला. ग्रामीण बँक किंवा जिल्हा बँक असेल तर शाखेतला दरफलक बघा.

पैसे भरताना त्याच दिवशी साधा अर्ज द्या: "ही कपात बँकेने केलेल्या नोंदीमुळे झाली, आधी सूचना नव्हती, म्हणून या काळातलं व्याज व शुल्क परत करावं." सूचना आली असेल तर ते वाक्य खोडा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का व तारीख घ्या. पोच मागितली की काउंटरवरचा सूर बदलतो, हे मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे. अशी किरकोळ शुल्कं शाखा व्यवस्थापक बरेचदा स्वतःच माफ करतात, पण महिना उलटून गेल्यावर सांगितलं तर टाळाटाळ होते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करा. फी लागत नाही. माहितीसाठी 14448 वर फोन करता येतो. शिक्क्याची प्रत आणि पासबुकाची ती पानं जोडायला विसरू नका.