प्रश्नोत्तरे: दोन महिने थकलेल्या बिलाचं पत्र

प्रश्न: पत्र ईमेलने पाठवू की कागदावर?

दोन्ही प्रकारे पाठवा, आणि पोच जपून ठेवा.

प्रश्न: फोनवर ग्राहक कंपनीचे मालक दर वेळी "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणतात. मग पत्र कशाला?

कारण फोनवरचा पुढचा आठवडा कधीच उजाडत नाही. शिवाय वाद झाला तर त्या फोनचा पुरावा तुम्ही कुठून आणणार? आजवर फोनवर जे ठरलं ते तारखेसह एका ईमेलमध्ये लिहून त्यांना पाठवा. पत्राची तयारी त्यानंतर.

प्रश्न: माझ्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. सभ्य भाषेत लिहूनही त्यांच्या अकाउंट्सने "रक्कम जुळत नाही, तपासून कळवा" एवढंच उत्तर दिलं. कुठे चुकलं? अजून कडक लिहू का?

मला येणाऱ्या दहा पत्रांपैकी निम्म्यांत हाच घोळ असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कडकपणाचा इथे प्रश्नच नाही, तुमची भाषा ठीक आहे. तुमचा आकडा चुकला आहे.

तुमचं बिल 4 मार्चचं, रक्कम 2,40,000. मुदत 30 दिवसांची, म्हणजे बिल 3 एप्रिलला देय झालं. नंतर त्यांनी काही माल परत केला आणि त्यापोटी तुम्ही 15,000 ची क्रेडिट नोट दिलीत. एप्रिलअखेर त्यांनी 60,000 भरले. राहिले 1,65,000. आणि पत्रात तुम्ही मागितलेत पूर्ण 2,40,000! त्यांच्या कारकुनाने खातेउतारा उघडला, आकडा जुळला नाही, त्याने पत्र बाजूला ठेवलं. वेळ काढायची इच्छा असलेल्या माणसाच्या हातात तुम्ही आयतं कारण दिलंत.

दुसरी गोष्ट, "गेले तीन महिने रक्कम थकली आहे" हे वाक्य. तुम्ही दिवस बिलाच्या तारखेपासून मोजलेत. थकबाकी देय तारखेपासून मोजायची असते. 5 जूनला पत्र लिहीत असाल तर उशीर 63 दिवसांचा आहे. दोन महिन्यांची बाजू भक्कम असताना तीन महिने सांगून ती कशाला पोकळ करायची?

तिसरी गोष्ट, "लवकरात लवकर". हे शब्द पत्रात दिसले की माझं डोकं फिरतं. लवकरात लवकर ही कुठल्याही कॅलेंडरवर नसलेली तारीख आहे. दिवस सांगा, आणि त्या दिवशी बँका सुरू असतील एवढं पाहा. पैसे पाठवायला त्यांच्याकडे सह्यांचे दोन टप्पे असतील तर आठ-दहा दिवस रास्त आहेत.

मी ते पत्र असं लिहिलं असतं:

"आमच्या दिनांक 4 मार्चच्या बिलापोटी (बिल क्रमांक, ऑर्डर क्रमांक) 2,40,000 देय होते. परत आलेल्या मालाचे 15,000 आणि आपण भरलेले 60,000 वजा जाता 1,65,000 शिल्लक आहेत. ही रक्कम 3 एप्रिल रोजी देय होती. आज 63 दिवस उलटले आहेत. बिल आणि खातेउतारा सोबत जोडला आहे. रक्कम पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक व तारीख कळवावी. बिलाबाबत काही हरकत असल्यास ती 10 जूनपर्यंत लेखी कळवावी. अन्यथा संपूर्ण शिल्लक 15 जूनपर्यंत बिलावरील खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास 16 जूनपासून नव्या ऑर्डरचा माल आगाऊ रकमेवरच पाठवला जाईल. आपला दीर्घ व्यवहार लक्षात घेता ही वेळ येणार नाही, अशी अपेक्षा आहे."

यात एकही कठोर शब्द नाही, तरी पळवाटही नाही. पैसे पाठवले असं म्हणायचं तर व्यवहार क्रमांक द्यावा लागेल, माल वाईट होता असं म्हणायचं तर ते पाच दिवसांत लेखी सांगावं लागेल. शेवटची अट मुद्दाम तुमच्या हातातली घेतली आहे. "कायदेशीर कारवाई करू" असं लिहून तीन महिने गप्प बसणारे बरेच पाहिले, त्यांचं पुढचं पत्र कुणी उघडतही नाही. जे 16 तारखेला सकाळी खरंच करणार आहात, तेवढंच लिहा. मात्र आधी घेतलेल्या ऑर्डरचा माल रोखायचा असेल तर करार वकिलाला दाखवा, नाहीतर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावरच यायचा. पत्र अकाउंट्सच्या प्रमुखाच्या नावे पाठवा, प्रत मालकांना.

प्रश्न: याच पत्रात आमच्या नव्या बँक खात्याचा क्रमांक देऊ का?

अजिबात नको. थकबाकीचं पत्र आणि सोबत नवं खातं ही फसवणूक करणाऱ्यांची ठरलेली चाल आहे, आणि सावध अकाउंटंट असं पत्र पाहून पैसे थांबवेल. खातं खरंच बदललं असेल तर ते वेगळ्या पत्राने कळवा, आणि त्यांना आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर खातरजमा करू द्या.

प्रश्न: बिलावर व्याजाचा उल्लेख नाही. आता दरमहा दोन टक्के लावू का?

मनाने दर ठरवून नाही. व्याज करारातून येतं किंवा तुमच्याकडच्या कायद्यातून. दोन्हीकडे काय आहे ते सल्लागाराला विचारा, आणि तोवर पत्रात फक्त मुद्दल मागा.

प्रश्न: दोन महिन्यांनी ग्राहक म्हणतो, माल सदोष होता. आता पत्र मागे घेऊ?

मागे का घ्यायचं? कोणता माल, कोणत्या चलानावरचा, दोष काय आणि तो कधी दिसला, हे लेखी मागवा. तक्रार खरी असेल तर चार ओळींत तपशील येतो. नुसता वेळ काढायचा असेल तर उत्तर येत नाही किंवा "एकूणच क्वालिटी" असं मोघम काहीतरी येतं. वाद एका भागाचाच असेल तर बाकीची बिनवादाची रक्कम ठरल्या तारखेला मागा. आणि त्यांनी माल घेतला तेव्हा सही केलेलं चलान शोधून ठेवा. तक्रार खरी निघाली तर नुकसानाचा आकडा कबूल करण्याआधी वकिलाशी बोला.

प्रश्न: "सत्तर टक्के घ्या आणि विषय संपवा" म्हणून चेक पाठवलाय. भरू का?

थांबा. चेकसोबतच्या पत्रात किंवा चेकच्या मागे "पूर्ण व अंतिम" असं काही लिहिलंय का ते पाहा. असेल तर तो भरणं म्हणजे उरलेल्या रकमेवर पाणी सोडणं, असा अर्थ निघू शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय तो बँकेत टाकू नका, आणि विचारायला महिनाही लावू नका.

प्रश्न: एक एजन्सी हमखास वसुली करून देते म्हणते. फी आगाऊ आहे.

हमखास आणि आगाऊ, दोन्ही एका वाक्यात आले. दूर राहा.

प्रश्न: पत्रालाही उत्तर नाही आलं तर किती थांबायचं? संबंध बिघडवायचे नाहीत.

15 जून उलटला की लिहिलं होतं ते 16 ला करा आणि त्याच आठवड्यात बिल, चलान, ईमेल, पोच असे सगळे कागद घेऊन वकिलाकडे जा. दावा करायला कायद्याने मुदत असते. ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि तुम्ही संबंध जपत बसलात म्हणून ती थांबत नाही. ग्राहकाने शिल्लक लेखी मान्य केली तर अनेक ठिकाणी ती नव्याने मोजली जाते, म्हणून भेटलात तर पैसे नाही तरी खातेउताऱ्यावर त्यांची सही आणि तारीख तेवढी घ्या. तुमच्याकडे नियम काय आहे ते वकीलच सांगेल.