६५ फॉर्म कमी पडले, आता?

प्रश्न: सर, मी एमबीए मार्केटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावातले किराणा दुकानदार यूपीआय किती वापरतात, यावर माझा प्रोजेक्ट आहे. व्यापारी संघाच्या यादीत १४० दुकानं आहेत. गाईड मॅडमनी तक्ता बघून १०३ सॅम्पल सांगितलं. मी ९० दुकानं फिरले. ३८ फॉर्म मिळाले, ३१ जणांनी नाही म्हटलं, २१ दुकानं बंद होती. बारा दिवसांनी सबमिशन आहे. तुम्ही सर्व्हेच्या क्षेत्रात काम केलंय. उरलेले ६५ फॉर्म खरे वाटतील असे एक्सेलमध्ये भरून द्याल का? आमच्या वर्गात बरेच जण असंच करतात.

उत्तर: नाही, ते मी करून देणार नाही. तूही करू नकोस, आणि मैत्रिणीकडूनही करून घेऊ नकोस. पण बारा दिवस हातात आहेत आणि ३८ खरे फॉर्म आहेत. त्यावर उभा राहील असा प्रोजेक्ट नक्की होतो.

आधी त्या १०३ आकड्याकडे बघू. मॅडमनी पाहिलेला तक्ता बहुतेक क्रेजसी आणि मॉर्गन यांचा, १९७० सालचा असणार. त्यात १४० च्या समोर १०३ च लिहिलेलं आहे. पण हा पास व्हायचा कटऑफ नव्हे. यादीतून चिठ्ठ्या टाकून दुकानं निवडली आणि उत्तर दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलू नये असं वाटत असेल, तर १०३ लागतात, एवढाच त्याचा अर्थ. ३८ असतील तर तेच उत्तर सुमारे चौदा टक्के हलतं. म्हणजे फॉर्म कमी पडले म्हणून प्रोजेक्ट बाद होत नाही, उत्तर ढोबळ होतं. किती ढोबळ, ते लिहून दाखवता येतं.

समज, ३८ पैकी २३ जण म्हणाले की निम्म्याहून जास्त विक्री यूपीआयवर होते. हे झाले ६१ टक्के. यादी १४० ची आहे हे धरून हिशेब केला, तर खरा आकडा साधारण ४७ ते ७४ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ४७ हे पन्नासच्या खाली आहे. त्यामुळे 'बहुसंख्य दुकानदारांची निम्म्याहून जास्त विक्री यूपीआयवर होते' असं तुला म्हणता येत नाही. आता त्याच प्रमाणात ६५ फॉर्म घरी बसून भरले, तर हीच कक्षा ५५ ते ६५ अशी आवळून येते आणि तेच वाक्य सिद्ध झाल्यासारखं दिसतं. एकाही नव्या दुकानदाराशी न बोलता निष्कर्ष बदलला! रिपोर्टच्या शेवटी 'बँकांनी या बाजारपेठेत अमुक योजना आणावी' अशा शिफारशी असतातच, त्या मग याच्यावर उभ्या राहतात.

शिवाय ती ६५ उत्तरं कुणाची असणार होती? जी दुकानं नाही म्हणाली, बंद होती किंवा जिथे तू गेलीच नाहीस, त्यांची. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती इथेच आहे. फॉर्म कोण भरतं? ज्याला मोबाइलची सवय आहे, हिशेब उघड होण्याची धास्ती नाही आणि गल्ल्यावर दुसरा माणूस आहे, तो. रोखीवर धंदा करणारा 'नंतर या' म्हणतो. म्हणजे तुझे ३८ जण बहुधा यूपीआयकडे झुकलेले आहेत. वरचा हिशेब या झुकावाबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सॅम्पलचा आहे. तू दुकानं कशी निवडलीस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. जशी वाटेत लागली तशी घेतली असशील तर तेही रिपोर्टमध्ये यायला हवं.

हा झुकाव तुला एका दुपारी तपासता येईल. पुन्हा त्याच रस्त्याने वही घेऊन जा. कुणालाही काही विचारू नकोस. काउंटरवर क्यूआर कोड लावलाय का, पैसे आल्यावर बोलणारा साउंडबॉक्स आहे का, एवढंच दुकानासमोर टिपून घे. फॉर्म भरलेल्या ३८ दुकानांचं वेगळं, नकार दिलेल्या ३१ चं वेगळं. ३८ पैकी ३४ ठिकाणी क्यूआर दिसला आणि ३१ पैकी १९ ठिकाणीच, असं समज निघालं. म्हणजे ८९ टक्के आणि ६१ टक्के. मग लिहिता येईल की आमचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. दोन्हीकडे प्रमाण सारखंच निघालं तर तेही लिही, तुझ्या ३८ वरचा विश्वास वाढतो. एमबीएच्या प्रोजेक्टमध्ये ही तपासणी फार कुणी करत नाही.

उरलेल्या दिवसांत बंद असलेली २१ दुकानं पुन्हा बघ. संध्याकाळी गिऱ्हाईक असताना जाऊ नकोस, दुपारी दोन ते चार जा. मिळतील तेवढे फॉर्म मिळव आणि थांब.

रिपोर्टमध्ये सॅम्पलच्या परिच्छेदात सरळ लिही: 'व्यापारी संघाच्या यादीतील १४० दुकानांपैकी ९० दुकानांना भेट दिली. २१ बंद होती, ३१ दुकानदारांनी नकार दिला, ३८ जणांनी प्रश्नावली भरली. नियोजित नमुना १०३ होता, तो पूर्ण झाला नाही.' दुसऱ्या फेरीत आकडे वाढले तर तेही असेच. शीर्षकात 'प्राथमिक अभ्यास' हा शब्द घाल. तक्त्यांमध्ये नुसती टक्केवारी नको, '३८ पैकी २३' असं लिही. काय-स्क्वेअर लावताना एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जात असेल, तर त्याऐवजी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लाव. वय, शिक्षण आणि दुकानाचा आकार असे तीन-तीन गट एकदम पाडू नकोस. ३८ मध्ये तेवढा जीव नाही.

पकडलं जाईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. गुगल फॉर्म असेल तर रात्री एका तासात आलेली ६५ उत्तरं टाइमस्टॅम्पच्या रकान्यात दिसतात. कागदी फॉर्म असतील तर वयाचा रकाना बोलतो: खरी माणसं ४०, ४५, ५० अशी गोल वयं सांगतात, मनाने भरणारा मुद्दाम ४३, ३७, ५१ लिहितो. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठातल्या मायकल लाकूर या पीएचडीच्या विद्यार्थ्याचा सर्व्हेवर आधारलेला पेपर २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. दोन तरुण संशोधक तसाच सर्व्हे करायला गेले, तर त्यांना त्याच्याइतके प्रतिसादच मिळेनात. चौकशी केली तेव्हा सर्व्हे कंपनी म्हणाली, असं काम आम्ही केलेलंच नाही. मे २०१५ मध्ये पेपर मागे घेण्यात आला आणि प्रिन्स्टनमधली त्याची ठरलेली नोकरी गेली.

मॅडमना शेवटच्या दिवशी सांगू नकोस, उद्याच भेट. सोबत ९० दुकानांची यादी ने, प्रत्येकासमोर तारीख आणि 'भरला', 'नकार' किंवा 'बंद' असा शेरा. 'मॅडम, ३८ च झालेत, चालतील का?' असं विचारलंस तर उत्तर 'नाही' येईल. त्याऐवजी यादी पुढे ठेव आणि 'प्राथमिक अभ्यास म्हणून, नकारांच्या तपासणीसह देऊ का?' असं विचार. त्या १०३ वरच अडल्या, तर मुदत वाढवून माग आणि विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज दे. थोडे मार्क गेले तर जाऊ देत.

आणि तू मार्केट रिसर्चमध्ये नोकरी शोधणार असशील, तर ती यादी जपून ठेव. तिथे फील्डवरून आलेल्या फॉर्मपैकी काहींना सुपरवायझर पुन्हा फोन करतो, 'आमचा माणूस आला होता का?' याला बॅक-चेक म्हणतात आणि नवीन मुलांच्या वाट्याला हे काम हमखास येतं. इंटरव्ह्यूत प्रोजेक्टवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की डेटा कसा गोळा केला आणि किती जणांनी नकार दिला.