पहिल्याच मेलमध्ये ‘ओके’ कोण म्हणणार ते ठरवून घे

वेबसाइटचं पहिलं काम मिळालंय ना, मग क्लायंटला काम सुरू करताना पाठवायच्या किकऑफ मेलमध्ये सगळ्यात आधी हे लिही की तुमच्याकडून फायनल ओके एकच माणूस देणार, आणि त्याचं नावच लिही, ‘तुमची टीम’ असं मोघम नको. माझ्या एका क्लायंटकडे मुलगा डिझाइन पास करायचा आणि आठवड्याने वडील म्हणायचे रंग बदला, होमपेज चारदा केलं मी, पैसे एकदाचेच मिळाले.

मी आता सरळ असं लिहितो: ‘डिझाइन पाठवल्यावर 3 कामाच्या दिवसांत सगळे बदल एकाच मेलमध्ये कळवा. दोन राउंड ठरलेल्या रकमेत, तिसऱ्यापासून वेगळा चार्ज. उत्तराला उशीर झाला तर डिलिव्हरीची तारीख तेवढीच पुढे जाईल.’ उत्तर नाही आलं तर मंजूर समजू असं मात्र लिहू नकोस, नंतर त्यावरूनच वाद होतो.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ओके आलं तरी त्याच दिवशी मेल टाकायचा, ‘आज बोलल्याप्रमाणे होमपेज मंजूर, आता पुढचं पान घेतो’. अपडेट दर शुक्रवारी, एवढं एका ओळीत पुरे.

आणि मेलच्या शेवटी, क्लायंटकडून आधी काय हवं ते लिही, तारखेसकट: लोगोची मूळ फाइल (व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही, मोठा केला की फाटतो), डोमेनचं लॉगिन कोणाकडे आहे, आणि मजकूर कोण लिहिणार. मजकुरावरच काम सगळ्यात जास्त अडकतं, त्यामुळे तो हातात आल्याशिवाय लाँचची तारीख देऊ नकोस.