स्ट्रेप्टोमायसिस, बीजाणू आणि एक टकली कॉलनी

प्रश्न: बरीचशी अँटिबायोटिक्स मातीतल्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवाणूंपासून मिळतात असं वाचलं. नेमके हेच जीवाणू का? आणि त्यांच्या बीजाणूंना एवढं महत्त्व कशासाठी?

उत्तर:

तुम्ही म्हणता त्या जीवाणूंपैकी एक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. त्याच्या तंतूंना जागचं हलता येत नाही, इथून सुरुवात करू. हा जीवाणू मातीत फांद्या फोडत पसरतो आणि विकरं सोडून आजूबाजूचा पालापाचोळा पचवतो. अन्न संपलं की दुसरीकडे सरकायची सोय नाही. मग मातीतले जुने तंतू बऱ्याच प्रमाणात स्वतःच विरघळतात आणि त्यातून सुटलेल्या अन्नावर नवे तंतू पृष्ठभागावर, हवेत उभे राहतात. या तंतूंचे पुढे मण्यांच्या माळेसारखे तुकडे पडतात. तेच बीजाणू. ते कोरड्या मातीत दीर्घकाळ तग धरतात आणि संधी मिळाली की दुसरीकडे पोचतात.

अडचण एवढीच, की जुने तंतू विरघळताना जे अन्न बाहेर पडतं त्यावर शेजारच्या जीवाणूंचाही डोळा असतो. अँटिबायोटिक तयार होतं ते नेमकं याच सुमारास. ताट राखण्यासाठी, असा एक अंदाज आहे आणि मला तो पटतो. अगदी कमी प्रमाणात ही रसायनं निरोप पोचवण्याचं काम करतात असंही काहीजण मानतात. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

बीजाणू आणि अँटिबायोटिक यांची वेळ जुळते कशी, हे स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमध्ये छान उलगडलं आहे. 1943 साली वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं ते याच प्रजातीतून. 1967 मध्ये खोखलोव्ह आणि सहकाऱ्यांनी तिच्यातलाच ए-फॅक्टर नावाचा छोटा रेणू शोधला. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असला तरी तो काम करतो. एरवी अर्पए नावाचं प्रथिन एका महत्त्वाच्या जनुकावर बूड टेकून बसलेलं असतं. ए-फॅक्टर पुरेसा साठला की तो त्याला तिथून उठवतो. मग जे नवं प्रथिन बनतं ते हवेतले तंतू उभे करणारी आणि स्ट्रेप्टोमायसिन घडवणारी अशी दोन्हीकडची जनुकं चालू करतं. त्याच हुकुमावर स्वतःला वाचवणारं विकरही तयार होतं. ते स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट चिकटवून निष्प्रभ करतं. पेशीच्या आत औषध अशा बांधलेल्या रूपात असतं. फॉस्फेट सुटतं ते बाहेर गेल्यावर. नाहीतर स्वतःच्याच विषाने जीवाणू मेला असता.

विद्यार्थी असताना याचा मला चांगलाच फटका बसला. एक ग्रिसियसचा वाण मी दर आठवड्याला द्रव माध्यमातून द्रव माध्यमात नेत होतो, बीजाणू होऊच देत नव्हतो. काही आठवड्यांनी औषधाने बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू मरून प्लेटवर पडणारं स्वच्छ वर्तुळ आक्रसलं, मग दिसेनासं झालं. मी माध्यमाला दोष देत बसलो. शेवटी आगरवर पसरवून पाहिलं, तर बहुतेक कॉलन्या टकल्या: चकचकीत, चामड्यासारख्या, वर बीजाणूंच्या पावडरीचा मागमूस नाही. एका टकल्या कॉलनीशेजारी मूळ वाणाची रेघ ओढली. काही दिवसांत त्या कॉलनीची फक्त रेघेकडची बाजू पांढरी होऊ लागली. रेघेकडून ए-फॅक्टर झिरपत होता. म्हणजे टकलीची बाकीची यंत्रणा शाबूत होती, हुकूमच निघत नव्हता.

यामागचं कारण गुणसूत्रात आहे. बहुतेक जीवाणूंचं गुणसूत्र वर्तुळाकार असतं, याचं सरळ दोरीसारखं. या दोरीची टोकं झडण्याची खोड आहे आणि ए-फॅक्टर बनवणारं जनुक एका टोकाजवळच बसलेलं आहे. टोक गेलं की ते जनुक जातं आणि त्याबरोबर बीजाणू आणि औषध दोन्ही. द्रव माध्यमात बीजाणू लागतच नाहीत, त्यामुळे अशा बिघडलेल्या पेशी निमूटपणे वाढत राहतात. म्हणून वाण जपायचा तो पावडर धरलेल्या कॉलनीचे बीजाणू 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून, आणि प्रत्येक वेळी त्याच साठ्यातून नवी सुरुवात करायची.

पण कॉलनीवर पावडर आहे म्हणजे औषध बनतंयच, असं मात्र धरू नका. स्ट्रेप्टोमायसिस सिलिकलरचा जीनोम 2002 मध्ये वाचला तेव्हा अशी रसायनं घडवू शकणारे वीसहून अधिक जनुकगट सापडले. त्याआधी त्याची मोजकीच रसायनं ठाऊक होती. प्रयोगशाळेतल्या आयत्या अन्नावर यातले बरेच गट झोपून राहतात. त्यांना जागं करायला माध्यम बदलावं लागतं, शेजारी दुसरा जीवाणू वाढवावा लागतो, कधी जनुकांनाच हात घालावा लागतो. आणि एवढं करून हाती लागतं ते पुष्कळदा स्ट्रेप्टोथ्रिसिनसारखं, आधीच कित्येकदा सापडलेलं काहीतरी.