आधी कर्ण मोजा, मग पोतं फोडा

प्रश्न : आमचा तुकडा वेडावाकडा आहे, एका अंगाला ओढा. गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० सांगितलंय. मला युरिया, डीएपी, पोटॅश नक्की किती किलो लागेल? सातबारावरचं क्षेत्र धरू का?

उत्तर :

सातबारावरचं क्षेत्र धरू नका. तुमच्या बाजू किती मीटर आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी आमच्याच तुकड्याचं गणित मांडते. तोही ओढ्याकाठचाच आहे, आणि त्याच्यावरून आमच्या घरात दोन वर्षं वाद चालला होता.

आमचं गाव संगमनेरच्या बाजूचं. गट एकच, त्यात तिघा भावांची तोंडी वाटणी. सातबारावर तिघांची नावं एकत्र, त्यामुळे माझ्या वाट्याचं क्षेत्र कागदावर कुठेच सुटं लिहिलेलं नाही. बोलताना सगळे 'पाऊण एकर' म्हणायचे. मालक नोकरीला बाहेरगावी, शेती मी बघते, पण खताचा हिशोब तेव्हा धाकट्या दिरांकडे होता. त्यांनी एकदा टेप धरून चारही बांध मोजले होते : ६०, ४९, ६६ आणि ५६ मीटर. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, ६३ आणि साडेबावन्न, गुणाकार केला आणि ३३०७ चौरस मीटर म्हणजे साडेबत्तीस गुंठ्यांच्या वर असं सांगून टाकलं. वर 'जवळजवळ तेहतीस गुंठे धरू' म्हणाले.

त्या वर्षी ३३ गुंठ्यांच्या हिशोबाने दोन पोती युरिया आणि एक पोतं डीएपी पडलं. पोटॅश 'आपल्या काळ्या रानाला लागत नाही' म्हणून आणलंच नाही. जानेवारीत गहू असा काळाभोर हिरवा दिसायचा की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, भाऊजी, हा रंग बरा नाही. फेब्रुवारीत ओंब्या भरायला लागल्या, पाणी दिलं त्याच संध्याकाळी वारा सुटला आणि सकाळी निम्मा गहू आडवा. घरात सगळे म्हणाले, वाऱ्याने पडला. वारा शेजारच्या रानातही होता. त्यांचा गहू उभा होता.

पोत्यांचे आकडे मी वहीत लिहून ठेवले होते. युरियाच्या पोत्यात ४५ किलो असतात, दोन पोत्यांचे ९०. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४१.४ किलो. डीएपीच्या ५० किलोत १८ टक्के नत्र असतं, ते ९ किलो. एकूण ५०.४ किलो नत्र. हे खरोखर ३३ गुंठ्यांवर पडलं असतं तरी हेक्टरी दीडशेच्या वर गेलं असतं, कारण डीएपीतलं नत्र भाऊजींनी युरियातून वजाच केलं नव्हतं. आणि रान ३३ गुंठे नव्हतंच.

पुढच्या दिवाळीत रान मोकळं असताना मी आणि माझ्या लेकीने ते परत मोजलं. भाऊजी बांधावर उभे राहून म्हणाले, "वहिनी, चार बाजू मोजल्या की झालं की. शेतीत कुठं भूमिती घालता?" मी त्यांना ओट्यावरची बाज दाखवली. बाजेचा एक कोपरा धरून ती तिरकी दाबली तर चारही दांड्यांची लांबी तीच राहते, आणि आतली जागा मात्र कमी होते. नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरतच नाही. सरासरीचा गुणाकार फक्त काटकोनी रानाला बरोबर येतो. बाकी प्रत्येक चौकोनाला तो जास्तच सांगतो, आणि कोपरे जितके तिरके तितका जास्त.

म्हणून कर्ण मोजायचा. रस्त्याकडचा कोपरा अ, तिथून ६० मीटरवर ब, मग ओढ्यावरचे क आणि ड. अ पासून क पर्यंत सुतळी ताणली, ती ९८ मीटर भरली. मग ब कोपऱ्यावर टेपचं टोक धरून लेक सुतळीच्या कडेने पुढे-मागे सरकली. जिथे अंतर सगळ्यात कमी तिथेच काटकोन असतो, वेगळी गुण्या लागत नाही. ते अंतर २४ मीटर आलं. तसंच ड कडून ३६ मीटर. दोन्हींची बेरीज ६०, गुणिले ९८, भागिले २ : २९४० चौरस मीटर. साडेतीनशेच्या वर चौरस मीटर एवढ्यातच गळाले.

ओढ्याकडची बाजू अजून राहिली होती. क ते ड सरळ धरली तर ६६ मीटर, पण ओढ्याने पोटाशी रान खाल्लंय. क-ड सुतळी बांधून दर ११ मीटरवर सुतळीपासून आत नांगरटीच्या कडेपर्यंत अंतर घेतलं : ३, ५, ६, ४, २ मीटर, आणि दोन्ही टोकांना शून्य. बेरीज २०, गुणिले ११, म्हणजे २२० चौरस मीटर वजा. तुमच्या ओढ्याचं वळण जास्त असेल तर ११ ऐवजी ५ मीटरवर घ्या. विहीर, मोटारीची खोली आणि विहिरीच्या मातीचा ढिगारा मिळून १० बाय १२ मीटर, तेही वजा. राहिले २६०० चौरस मीटर, म्हणजे २६ आर. पाऊण एकर तर नाहीच, तेहतीस गुंठे तर दूरच.

२६ आर धरले तर आदल्या वर्षीचं नत्र हेक्टरी १९४ किलो पडतं, शिफारस १२०. वर पोटॅश शून्य. गहू लोळण्यासाठी आणखी काय लागतं?

आता किलोचा हिशोब. १२०:६०:४० ही पोत्यातल्या खताची किलो नाहीत, नत्र, स्फुरद आणि पालाश यांची आहेत. क्षेत्र आरमध्ये असेल तर हेक्टरी आकडा गुणिले आर भागिले खतातली टक्केवारी, एवढंच करायचं. शंभराने भागाभाग करावी लागत नाही, ती दोन्हीकडून उडून जाते. गुंठा आणि आर यांत जेमतेम एका टक्क्याचा फरक आहे, तो सोडून द्या.

सुरुवात नेहमी स्फुरदापासून करा, कारण डीएपी आपल्याबरोबर नत्रही आणतं. ६० गुणिले २६ भागिले ४६, म्हणजे ३४ किलो डीएपी. त्यातून ६.१ किलो नत्र मिळालं. एकूण नत्र २६ आरला ३१.२ लागतं, राहिलं २५.१, त्याचा युरिया साडेचोपन्न किलो. पोटॅश ४० गुणिले २६ भागिले ६०, म्हणजे सव्वासतरा किलो. डीएपी मिळालं नाही तर १०:२६:२६ चं ६० किलो घ्या. युरिया जवळपास तेवढाच लागतो आणि पोटॅश वेगळं लागत नाही.

नत्र निम्मं पेरणीला आणि निम्मं तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हाच्या पाण्याला. पेरणीच्या वाट्याचं नत्र १५.६ किलो, त्यातलं ६.१ डीएपीने दिलेलं, म्हणून पेरणीला युरिया साडेवीस किलोच. दुसऱ्या हप्त्याला ३४ किलो. पेरणीचा युरिया बियाण्याच्या नळीतून सोडू नका, उगवण मारते. पेरणीआधी फेकून कुळवाने मातीत मिसळा.

वजन बरोबर काढूनही वेड्यावाकड्या रानात खत चुकीचं पडतं, हे आम्ही पहिल्याच हप्त्याला शिकलो. फेकणारा माणूस कोपऱ्यात वळताना हात थांबवत नाही, तिथे दुप्पट पडतं आणि ओढ्याकडे पोचेपर्यंत घमेलं रिकामं. पंधरा दिवसांनी ब कोपऱ्यात गडद आणि ओढ्याकडे फिकट पट्टा उघड दिसत होता. म्हणून दुसऱ्या हप्त्याला खत आधीच त्रिकोणांच्या हिशोबाने वाटून घेतलं. ब कडचा त्रिकोण ११७६ चौरस मीटर, ड कडचा ओढा आणि विहीर वजा जाता १४२४. चौतीस किलोपैकी साडेपंधरा तिकडे, साडेअठरा इकडे. कर्णाची सुतळी तशीच ठेवली आणि एका बाजूचं खत दुसरीकडे जाऊ दिलं नाही. वजन काट्यावर करा. घमेल्याने मोजू नका, एकाच घमेल्यात डीएपी जास्त वजनाचं बसतं आणि युरिया कमी.

भाऊजींनी नंतर मोबाईलवर रानाभोवती चालत क्षेत्र काढून दाखवलं, ते पुन्हा तीस गुंठ्यांच्या पुढे आलं. मोठ्या रानाला तो मार्ग ठीक आहे. आमच्या तुकड्याचा घेर सव्वादोनशे मीटरच्या वर आहे, सगळीकडे दोन-दोन मीटर बाहेरून रेघ गेली तरी साडेचारशे चौरस मीटर वाढतात. पाच एकरांत ते कळणार नाही, २६ आरमध्ये तो सहावा हिस्सा होतो. लहान तुकड्याला टेपच घ्या. दोन माणसं आणि एक सकाळ पुरते.

त्या वर्षी युरिया दोन पोत्यांऐवजी सव्वा पोत्याच्या आत बसला. गहू शेवटपर्यंत उभा राहिला. आदल्या वर्षी लोळलेल्यातून सात क्विंटल निघाला होता, त्या वर्षी साडेनऊ. भाऊजी म्हणतात थंडी चांगली होती म्हणून. थंडी चांगली होती हे खरं आहे, पण थंडीने धांडा ताठ होत नाही.

आता राहिलेलं. १२०:६०:४० हा वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाचा आकडा आहे. तुमची पेरणी उशिरा जात असेल तर शिफारस कमी असते, ती विचारून घ्या आणि याच रीतीने किलो काढा. माती परीक्षण केलं असेल आणि एखादं अन्नद्रव्य कमी किंवा भरपूर निघालं असेल तर तेवढाच घटक साधारण पाव हिश्शाने वाढवा किंवा घटवा, सरसकट नको. शेणखत भरपूर घातलं असेल तर दुसऱ्या हप्त्याआधी पानांचा रंग बघा. शेजाऱ्यांचा गहू उभा राहिला त्यात त्यांच्या वाणाचाही हात असेल, तो आमच्यापेक्षा बुटका होता, हेही मला सांगायला हवं.

आणि सातबाऱ्याचं. तुमचा उतारा एकट्याच्या नावावर असेल आणि मोजणी झालेली असेल तरी त्यातला पोटखराबा वजा करा, आणि ओढ्याची कड मात्र स्वतः मोजा. उतारा लिहिल्यानंतर ओढ्याने किती खाल्लं ते त्यात नसतं. तुमच्या चार बाजू, एक कर्ण आणि ओढ्याकडची अंतरं इथे लिहिलीत तर किलो मी काढून देते.