नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर पत्रावर नावं कशी लिहायची?

प्रश्न: दोघांना मिळून एकच औपचारिक पत्र पाठवायचंय, पण बायकोने माहेरचं आडनाव ठेवलंय. मायना काय लिहू?

उत्तर: दोघांचीही पूर्ण नावं, आपापल्या उपाधीसह, एकाखाली एक लिहा:

श्रीमती मीरा जोशी
आणि श्री. अनिल कुलकर्णी

‘श्री. व सौ. कुलकर्णी’ इथे चालत नाही. त्यात मीरा जोशींचं नावच उरत नाही. ‘सौ.’ त्या स्वतः लावत असतील तरच लावा, नाहीतर ‘श्रीमती’ बरं. (काहींना ते फक्त विधवांसाठी वाटतं, पण तसं नाही.) त्या डॉक्टर असतील तर फक्त ‘डॉ.’, सोबत ‘श्रीमती’ नको. पत्राचा विषय ज्यांच्याशी जास्त संबंधित, त्यांचं नाव आधी. मजकुराआधी ‘महोदया/महोदय’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘श्रीमती जोशी आणि श्री. कुलकर्णी यांस, सप्रेम नमस्कार’ लिहा.